पूर्ण झालेल्या प्रबंधावरून तीन मिनिटांचे भाषण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरील बहुतेक उत्तरे एकाच नमुना प्रबंधाच्या आधारे दिली आहेत. हा प्रबंध उन्हाळ कांद्याच्या साठवणुकीवरचा आहे असे मानले आहे. त्यातील प्रयोग आणि त्याचे निष्कर्ष समजावून सांगण्यापुरते रचलेले आहेत. कांदा, त्याची पात निघते तो भाग म्हणजे मान, सुकवणी आणि कांदा साठवायची चाळ यांविषयीची माहिती मात्र प्रत्यक्षातली आहे.

तीन मिनिटे हीच मर्यादा कोठून आली, आणि तिचे नियम काय आहेत?

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये ‘थ्री मिनिट थीसिस’ ही स्पर्धा सुरू केली. त्या काळात क्वीन्सलँड राज्यात तीव्र दुष्काळ होता, आणि आंघोळ लवकर आटोपावी म्हणून अनेक घरांत न्हाणीघराच्या भिंतीवर तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ लावलेले असे. त्यावरून विद्यापीठातील पदव्युत्तर विभागाच्या प्रमुखांना ही कल्पना सुचली. आज अनेक देशांतील विद्यापीठे ही स्पर्धा घेतात, आणि इतर ठिकाणी होणाऱ्या तीन मिनिटांच्या सादरीकरणांनीही बहुतांशी तेच नियम उचलले आहेत.

संहितेच्या दृष्टीने त्यांतील काही नियम महत्त्वाचे आहेत. पडद्यावर एकच स्थिर स्लाइड चालते. तिच्यात हालचाल, ध्वनी किंवा चित्रफीत चालत नाही. हातात कोणतीही वस्तू घेता येत नाही, म्हणजे कांद्यावरच्या संशोधकाला कांदा दाखवता येणार नाही. भाषण गद्यच असावे लागते. कविता, गाणे चालत नाही. तीन मिनिटांच्या वर गेलेला स्पर्धक बाद होतो, त्याचे केवळ गुण कापले जात नाहीत. परीक्षक मुख्यतः दोन गोष्टी पाहतात: श्रोत्याला संशोधन समजले का, आणि त्याला ते ऐकावेसे वाटले का. संशोधन किती अवघड होते, हे कोणी मोजत नाही. प्रबंध सादर केला आहे पण निकाल यायचा आहे, असे विद्यार्थी सहसा भाग घेऊ शकतात. पदवी मिळाल्यानंतर मात्र मूळ स्पर्धेचे दार बंद होते, म्हणून आपल्या विद्यापीठाचा पात्रतेचा नियम आधी पाहून घ्यावा.

प्रबंधाचा सारांश तयारच आहे. तोच लहान करून वाचला तर का चालत नाही?

सारांश ज्याच्यासाठी लिहिलेला असतो त्या वाचकाला विषय आधीच महत्त्वाचा वाटत असतो. तो पार्श्वभूमी, उद्दिष्टे, पद्धती, निष्कर्ष या क्रमाने चालतो, कारण परीक्षकाला काम नीट झाले आहे की नाही हे तपासायचे असते. सभागृहातील श्रोत्याला तपासायचे काही नसते. शिवाय वाचक मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचू शकतो, श्रोता तसे करू शकत नाही. एक वाक्य निसटले की पुढची दोन वाक्ये तो त्या निसटलेल्या वाक्यातच अडकलेला असतो.

सारांश लहान केला की त्यातील प्रत्येक भाग थोडा थोडा कापला जातो, पण भागांची संख्या तेवढीच राहते. परिणामी तीन मिनिटांत सात गोष्टी येतात आणि कोणत्याही एका गोष्टीला जागा मिळत नाही. म्हणून संहिता प्रबंधाच्या फायलीतून कापून तयार करू नये. फाइल बंद करून कोऱ्या कागदावर सुरुवात करावी, आणि पहिला मसुदा झाल्यावरच, आकडे पडताळण्यासाठी, ती उघडावी. जे तुम्हाला न पाहता आठवते तेच बहुधा सांगण्याजोगे असते.

‘एकच संदेश’ म्हणजे नेमके काय? तो कसा शोधावा?

संदेश म्हणजे विषय नव्हे. ‘माझे संशोधन कांद्याच्या साठवणुकीतील नुकसानीवर आहे’ हा विषय झाला. त्यावर श्रोता ‘बरं’ म्हणेल आणि थांबेल. संदेश हे पूर्ण विधान असते, आणि ते असे असावे की कोणाला तरी ते नाकारता यावे. पुढील वाक्य पाहा: ‘कांदा चाळीत सडतो, पण त्याचे सडणे चाळीत भरण्याआधीच ठरलेले असते.’ यावर एखादा शेतकरी म्हणू शकतो, ‘छे, माझा कांदा चाळीत पाणी गेल्यामुळे सडला.’ असा वाद उभा राहू शकत असेल तर तुमच्याकडे संदेश आहे असे समजावे.

नमुना प्रबंधाचे शीर्षक असे आहे: ‘उन्हाळी कांद्याच्या काढणीपश्चात नुकसानीवर मानेतील आर्द्रता, सुकवणीचा कालावधी आणि साठवणगृहातील वायुवीजन यांच्या आंतरक्रियेचा परिणाम’. या शीर्षकात तीन घटक आहेत आणि ते एका ओळीत, सारख्याच वजनाने उभे आहेत. पण प्रबंधाच्या निष्कर्षांत ते सारखे नव्हते: मान सुकली होती की नाही, याचा परिणाम चाळ कशी होती याच्या परिणामाहून मोठा निघाला. संदेश नेहमी अशा असमानतेत सापडतो. कोणता घटक इतरांहून जड ठरला, कोणती समजूत खोटी ठरली, काय अपेक्षेपेक्षा लवकर किंवा उशिरा घडले, असे प्रश्न स्वतःला विचारावेत आणि प्रत्येकाचे उत्तर एका वाक्यात लिहावे.

अशी पाच-सहा वाक्ये झाली की ती आपल्या क्षेत्राबाहेरच्या माणसाला वाचून दाखवावीत. कोणते आवडले हे विचारू नये; त्यावर लोक सौजन्याने काहीतरी सांगतात. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला ‘काल मी काय सांगितले होते?’ असे विचारावे. जे वाक्य त्याच्या शब्दांत परत येते ते निवडावे, आणि शक्य असेल तर ते त्याच्याच शब्दांत लिहावे.

माझ्या प्रबंधात चार ठळक निष्कर्ष आहेत. बाकीचे तीन सोडून द्यायचे का?

बोलण्यातून सोडायचे. पण सोडण्यापूर्वी प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा: हा निष्कर्ष मुख्य संदेशाला आधार देतो का? नमुना प्रबंधात वायुवीजनाचा निष्कर्ष स्वतंत्र मुद्दा म्हणून आला असता तर त्याने संदेश पातळ केला असता. परंतु ‘कोंदट चाळीतला सुका कांदा हवेशीर चाळीतल्या ओल्या कांद्यापेक्षा चांगला टिकला’ असा तो मांडला की तोच संदेशाचा सर्वांत बळकट पुरावा होतो. वेगवेगळ्या तालुक्यांची तुलना आणि बाजारभावाचा हिशेब हे दोन निष्कर्ष मात्र पूर्णपणे बाहेर राहिले. भावाच्या हिशेबावर संशोधकाने सर्वाधिक मेहनत घेतली असेल, तरीही तो बाहेरच राहतो. मेहनतीच्या प्रमाणात वेळ वाटणे ही या प्रकारातील सर्वांत सामान्य चूक आहे, आणि ती संहिता वाचताना लगेच ओळखू येते: प्रयोगशाळेचे वर्णन मिनिटभर चालते आणि निष्कर्ष दहा सेकंदांत उरकतो.

संहिता किती शब्दांची असावी?

इंग्रजीत साधारणपणे चारशे ते साडेचारशे शब्दांची संहिता सुचवली जाते. हा आकडा मराठीला लावू नये. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात; ‘शेतकऱ्यांपुढे’ हा एकच शब्द म्हणायला जो वेळ लागतो, त्यात इंग्रजीचे दोन-तीन शब्द बोलून होतात. मराठीत ३०० ते ३४० शब्द हे सुरक्षित प्रमाण आहे. शब्द मोजणे हा केवळ पहिला अंदाज आहे. खरे माप घड्याळाचे, आणि तेही उभे राहून, मोठ्याने, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून घेतलेले. मनातल्या मनात वाचलेली संहिता नेहमी लवकर संपते.

सरावात भाषण २ मिनिटे ४० ते ४५ सेकंदांत संपले पाहिजे. उरलेला वेळ श्रोते हसले तर थांबण्यासाठी, एखादे वाक्य अडखळले तर ते पुन्हा म्हणण्यासाठी लागतो.

पारिभाषिक शब्द कोणता आणि साधा शब्द कोणता, हे कसे ठरवावे? मला तर सगळेच शब्द साधे वाटतात.

चार-पाच वर्षे ज्या शब्दांत राहिलो ते परके वाटेनासे होतात, त्यामुळे हा निर्णय स्वतः करता येत नाही. संहिता छापून दुसऱ्या शाखेतील एखाद्या मित्राला द्यावी आणि जेथे क्षणभर थांबावे लागले त्या शब्दाखाली रेघ मारण्यास सांगावे. समजले नाही तेथेच रेघ मारायला सांगितले तर भिडेपोटी कमी रेघा येतात. थांबलात तेथे मारा असे सांगितले की खऱ्या रेघा येतात.

‘वायुवीजन’, ‘आंतरक्रिया’, ‘काढणीपश्चात’ असे शब्द ओळखायला सोपे असतात. घात करतात ते ओळखीचे दिसणारे शब्द. ‘नमुना’, ‘नियंत्रण’, ‘लक्षणीय’, ‘ताण’ या शब्दांना प्रबंधात एक अर्थ असतो आणि घरात दुसरा. ‘लक्षणीय फरक आढळला’ असे संशोधक म्हणतो तेव्हा खरा फरक नसता तर केवळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता फार कमी होती, असे त्याला म्हणायचे असते. श्रोता ‘फार मोठा फरक’ असे ऐकतो. असे शब्द कोणीही अधोरेखित करत नाही, म्हणून ते स्वतःच शोधून काढावे लागतात.

शब्द सापडल्यावर त्याला मराठी प्रतिशब्द देऊन भागत नाही. इंग्रजी संज्ञेच्या जागी शासकीय परिभाषेतील संस्कृत शब्द ठेवला तर तो श्रोत्याला तितकाच अनोळखी राहतो, कित्येकदा अधिकच. त्याऐवजी त्या शब्दाने जे घडते ते सांगावे. प्रबंधातील वाक्य असे होते: ‘अपुऱ्या सुकवणीमुळे मानेच्या ऊतींतील आर्द्रता अधिक राहिल्यास रोगकारक बुरशीच्या संसर्गास अनुकूल स्थिती निर्माण होते.’ भाषणात ते असे झाले: ‘मान सुकण्याआधीच कांदा चाळीत गेला, तर बुरशीला आत शिरायला वाट मोकळी राहते.’ अर्थ हरवला नाही, आणि ‘ऊती’, ‘रोगकारक’, ‘संसर्ग’, ‘अनुकूल स्थिती’ हे चारही शब्द गेले.

एखादी संज्ञा टाळताच येत नसेल तर ती एकच ठेवावी, वस्तू आधी दाखवावी आणि नाव नंतर द्यावे. ‘कांद्याच्या डोक्यावर, जिथून पात निघते, त्या भागाला मान म्हणतात’ हे वाक्य तसे आहे. ‘मान’ हा शेतकऱ्यांचाच शब्द आहे, आणि ज्या क्षेत्रात असे चालते शब्द आहेत तेथे प्रबंधातील शब्दांपेक्षा तेच अधिक नेमके असतात. कांदा उत्पादक ‘मान पडली’ म्हणतो तेव्हा पात माने­पाशी मोडून आडवी झाली, म्हणजे कांदा काढणीला आला, हे सगळे त्यात येते.

पूर्ण संहितेचा नमुना मिळेल का?

खाली दिला आहे. यातील प्रयोग आणि आकडे रचलेले आहेत, हे पुन्हा लक्षात घ्यावे.

> एप्रिल महिन्यात नाशिक जिल्ह्यातला एक शेतकरी उन्हाळ कांदा काढतो. बाजारात भाव पडलेला असतो, म्हणून तो कांदा विकत नाही. चाळीत भरतो आणि भाव वाढण्याची वाट पाहतो. ऑगस्टमध्ये भाव वाढतो. शेतकरी चाळ उघडतो, आणि वास येतो. वरचा थर बाजूला केला की खाली काळे पडलेले, पाणी सुटलेले कांदे दिसतात. आता चांगला कांदा निवडायला मजूर लावायचे आणि सडका कांदा बांधावर टाकायचा.
>
> अशा वेळी दोष दिला जातो चाळीला. हवा खेळली नाही, पावसाचे पाणी आत आले, चाळ नीट बांधली नव्हती. म्हणून पुढच्या वर्षी शेतकरी चाळीवर खर्च करतो. माझा प्रश्न वेगळा होता: हा कांदा चाळीत गेला तेव्हा कसा होता?
>
> कांद्याच्या डोक्यावर, जिथून पात निघते, त्या भागाला मान म्हणतात. काढणीच्या वेळी ही मान ओली असते. कांदा काही दिवस सावलीत ठेवला की ती सुकते, आकसते आणि बंद होते. मान सुकण्याआधीच कांदा चाळीत गेला, तर बुरशीला आत शिरायला वाट मोकळी राहते.
>
> हे तपासण्यासाठी मी तीन हंगाम एक साधा प्रयोग केला. प्रत्येक चाळीत एकाच शेतातल्या कांद्याच्या दोन जाळीदार पिशव्या ठेवल्या. एकीतला कांदा बारा दिवस सावलीत सुकवलेला, दुसरीतला शेतातून थेट आणलेला. शेत तेच, चाळ तीच, पाऊस तोच. फरक फक्त मानेचा. चार महिन्यांनी पिशव्या उघडल्या. थेट आणलेल्या दर दहा कांद्यांत चार सडले होते. सुकवलेल्या दहांत एक. आणि जुन्या, कोंदट चाळीतला सुकवलेला कांदा नव्या, हवेशीर चाळीतल्या ओल्या कांद्यापेक्षा चांगला टिकला.
>
> चाळ महत्त्वाची नाही असे मी म्हणत नाही. चांगल्या चाळीत दोन्ही पिशव्या जास्त टिकल्या. पण चाळ कांद्याला बरे करत नाही. तो जसा येतो तसा सांभाळते.
>
> माझे काम तीन तालुक्यांत, एकाच वाणावर झाले आहे. आणि काढणीच्या दिवसांतच अवकाळी पाऊस आला, तर बारा दिवस कांदा ठेवायचा कुठे, याचे उत्तर माझ्याकडे नाही. पण जिथे सावली आहे तिथे, चाळीवर पैसे घालण्याआधी शेतकऱ्याने एक कांदा हातात घ्यावा आणि त्याची मान दोन बोटांत दाबून पाहावी. ती मऊ लागली, तर तो कांदा अजून चाळीत जायला तयार नाही. कांदा चाळीत सडतो, पण त्याचे सडणे चाळीत भरण्याआधीच ठरलेले असते.

या संहितेत उद्दिष्टे, पद्धती आणि पूर्वसंशोधनाचा आढावा कुठे आहे?

उद्दिष्ट एका वाक्यात आहे: ‘हा कांदा चाळीत गेला तेव्हा कसा होता?’ पूर्वसंशोधनाच्या जागी प्रचलित समजूत आली आहे, म्हणजे दोष चाळीला दिला जातो ही गोष्ट. श्रोत्याला पूर्वी कोणी काय लिहिले यापेक्षा लोक काय मानतात हे कळले तर पुढच्या निष्कर्षाची धार त्याला जाणवते. पद्धतीला मात्र येथे बरीच जागा दिली आहे, कारण दोन पिशव्यांची तुलना हाच पटण्याचा आधार आहे. ‘शेत तेच, चाळ तीच, पाऊस तोच’ या सहा शब्दांत नियंत्रित प्रयोगाची सगळी कल्पना येऊन जाते. ज्या प्रबंधाचे बळ पद्धतीच्या युक्तीत नाही, तेथे पद्धत एका वाक्यावर उरकावी.

संदेशाचे वाक्य शेवटी ठेवले आहे, पण त्याकडे नेणारा प्रश्न पहिल्या मिनिटाच्या आतच विचारला आहे. प्रश्न उशिरा आला तर श्रोता सुरुवातीच्या प्रसंगाला गोष्ट समजून ऐकत राहतो आणि ती कशासाठी सांगितली जात आहे हे त्याला कळत नाही. शेतकऱ्याचा प्रसंग ५५ शब्दांच्या आसपास आहे. त्याहून लांबला असता तर संशोधनाच्या वाटची जागा गेली असती. माझ्या मते सध्या बहुसंख्य भाषणे याच ठिकाणी बिघडतात: सुरुवातीची कहाणी इतकी रंगते की निष्कर्ष तिच्या शेपटासारखा येतो.

आकडे किती द्यावेत आणि कसे?

श्रोता एक तुलना लक्षात ठेवू शकतो, फार तर दोन. प्रबंधात ३८.६ टक्के आणि ११.२ टक्के असे आकडे असतील, तर भाषणात ‘दहांत चार’ आणि ‘दहांत एक’ म्हणावे. मात्र पूर्णांक करताना फरक आपल्या बाजूने फुगत नाही ना, हे पाहावे. ३४ टक्क्यांचे ‘दहांत चार’ करणे ही सोपी भाषा नव्हे, ती चुकीची माहिती आहे. तेथे ‘तीनांत एक’ म्हणता येते. प्रयोग किती वेळा केला, किती चाळी घेतल्या, हे आकडे प्रश्नोत्तरांसाठी तयार ठेवावेत.

मार्गदर्शक म्हणतात की हे फार सोपे झाले, यात नेमकेपणा गेला. काय करावे?

ही हरकत बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टींची मिसळ असते. तपशील गाळणे वेगळे आणि चुकीचे सांगणे वेगळे. मार्गदर्शकांना संहितेतील प्रत्येक वाक्यापुढे ‘अपूर्ण’ किंवा ‘चूक’ यांपैकी एक खूण करण्याची विनंती करावी. अपूर्ण वाक्ये राहू द्यावीत, चुकीची बदलावीत. नमुना संहितेच्या आधीच्या मसुद्यात ‘ओली मान हेच कांदा सडण्याचे कारण आहे’ असे वाक्य असते तर ते चूक ठरले असते, कारण शेतातून आलेला रोग, काढणीच्या वेळची इजा, काढणीच्या तोंडावर दिलेले पाणी अशी इतर कारणेही असतात. ‘बुरशीला वाट मोकळी राहते’ हे वाक्य अपूर्ण आहे, पण खरे आहे.

मर्यादेला दोन वाक्ये द्यावीत, आणि ती शेवटच्या संदेशापूर्वी यावीत. मर्यादा शेवटी आल्या की भाषण माफी मागून संपल्यासारखे वाटते. त्या पूर्णपणे गाळल्या तर पहिलाच जाणकार प्रश्न त्यांच्यावर येतो, आणि तेव्हा त्या लपवल्यासारख्या दिसतात.

माझ्या संशोधनात अपेक्षित संबंध आढळलाच नाही. अशा प्रबंधाचे भाषण होऊ शकते का?

होऊ शकते, आणि कित्येकदा अधिक चांगले होते, कारण खोटी ठरलेली समजूत आयतीच हाताशी असते. इरावती कर्वे यांचा बर्लिनमधील डॉक्टरेटचा प्रबंध हे याचे ठळक उदाहरण आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवट्यांच्या असमानतेवर काम करत होत्या. कवटीच्या दोन बाजूंमधील फरकाचा संबंध वंशाशी आणि युरोपीयांच्या कथित बौद्धिक श्रेष्ठत्वाशी असावा, अशी मार्गदर्शकांची धारणा होती. कर्वे यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि तसा संबंध त्यांना आढळला नाही. या प्रबंधाचा संदेश आज एका वाक्यात सांगायचा तर असा होईल: ‘कवटीची डावी-उजवी बाजू सगळ्याच माणसांत थोडी वेगळी असते, आणि त्यावरून कोणाचा वंश ओळखता येत नाही.’

यात एक पथ्य आहे. ‘संबंध आढळला नाही’ हे तेव्हाच संदेश होते जेव्हा संबंध असेल असे कोणीतरी खरोखर मानत होते. संशोधकाखेरीज कोणालाच तशी अपेक्षा नसेल, तर श्रोत्याला त्यात काही उलटले असे वाटत नाही. शिवाय तुमची मोजमापे फरक असता तर तो पकडू शकली असती, हे एका वाक्यात सांगावे लागते. नाहीतर ‘आढळला नाही’ याचा अर्थ ‘नीट शोधला नाही’ असा घेतला जातो.

साहित्य, इतिहास किंवा समाजशास्त्राच्या प्रबंधाला हीच रचना लागू पडते का?

संदेशाचा नियम तोच राहतो, पुराव्याचे रूप बदलते. प्रयोगाऐवजी एकच दस्तऐवज, एकच ओवी, एकच मुलाखत जवळून दाखवावी आणि तिच्यातून विधान उभे करावे. जात्यावरच्या ओव्यांवर प्रबंध असेल तर ओव्यांचे वर्गीकरण सांगण्यात वेळ घालवू नये. एक ओवी बोलून दाखवावी आणि तीत बाई कोणाला उद्देशून बोलते आहे, तेवढ्यावर राहावे. गद्याचा नियम असलेल्या स्पर्धेत ती गाऊ नये.

सिद्धान्तांची आणि विचारवंतांची नावे या शाखांत पारिभाषिक शब्दांइतकीच अडसर ठरतात. ‘अमुक यांच्या चौकटीतून पाहिले असता’ असे म्हणण्याऐवजी त्या चौकटीतून जे दिसले ते सांगावे.

भाषण मराठीत करायचे, पण प्रबंध इंग्रजीत आहे. भाषांतर करावे का?

करू नये. इंग्रजी मसुद्याचे भाषांतर केले की कर्मणी प्रयोग आणि लांब नामपदे तशीच येतात: ‘असे निरीक्षण नोंदवण्यात आले की’. त्याऐवजी आपल्या विषयाशी संबंध नसलेल्या घरातील कोणाला तरी, मावशीला किंवा काकांना, फोनवर संशोधन सांगावे आणि स्वतःचे बोलणे त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावे. ते जसेच्या तसे लिहून काढले की मराठी संहितेचा कच्चा मसुदा तयार होतो, आणि त्यांनी मध्येच जे प्रश्न विचारले त्यांवरून कुठे काय राहिले तेही समजते. नंतर सैल वाक्ये आवळावीत, पण ‘सडले’ याचे ‘नाश पावले’ करू नये.

एका स्लाइडवर काय असावे?

जे बोलण्यातून उभे राहत नाही तेवढेच. नमुना भाषणासाठी दोन कांद्यांचे उभे छेद शेजारी-शेजारी पुरेसे आहेत: एकाची मान सुकून मिटलेली, दुसऱ्याची ओली आणि मानेपासून आत काळसर पडत गेलेला. तक्ता, विद्यापीठाचे बोधचिन्ह, मार्गदर्शकांचे नाव आणि प्रबंधाचे पूर्ण शीर्षक घातले की श्रोते वाचू लागतात, आणि वाचताना ऐकत नाहीत. संहितेत ‘स्लाइडवर दिसते त्याप्रमाणे’ असे लिहावे लागत असेल तर स्लाइड किंवा वाक्य यांपैकी एक बदलावे.

पाठ करावे की मुद्द्यांवरून बोलावे? आणि बोलता बोलता वेळ कमी पडतो आहे असे लक्षात आले तर?

तीन मिनिटांत मुद्द्यांवरून बोलणारा बहुधा पहिल्या मुद्द्यावर रेंगाळतो, म्हणून संहिता पाठ असावी. परंतु पहिले वाक्य, प्रयोगाचा परिच्छेद आणि शेवटचे वाक्य एवढेच शब्दशः पाठ करावे. मधल्या भागाचा क्रम पक्का असावा आणि शब्द थोडे हलले तरी चालतील. सगळे शब्दशः पाठ केले असेल तर एक शब्द विसरला की त्यामागचे सगळेच अडते.

सरावातच संहितेवर दोन खुणा करून ठेवाव्यात. पहिली खूण ९० सेकंदांची: तोपर्यंत प्रयोगाच्या पिशव्या चाळीत गेलेल्या असल्या पाहिजेत. दुसरी खूण गाळता येण्याजोग्या वाक्यांची. नमुना संहितेत ‘हवा खेळली नाही’ पासून ‘चाळ नीट बांधली नव्हती’ पर्यंतचे वाक्य आणि ‘चांगल्या चाळीत दोन्ही पिशव्या जास्त टिकल्या’ हे वाक्य सांधा न तुटता काढता येतात, आणि मिळून सात-आठ सेकंद वाचतात. मर्यादांची दोन वाक्ये मात्र गाळण्याच्या यादीत टाकू नयेत. बोलण्याचा वेग वाढवून वेळ भरून काढण्याचा प्रयत्नही करू नये, कारण वेग वाढला की सर्वांत आधी आकडे ऐकू येईनासे होतात.